घंटागाडीची वेळ आणि बादलीची वेळ : एका सोसायटीच्या कचऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही सोसायटी महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहराच्या उपनगरात आहे. तीन विंग, प्रत्येकीला सात मजले, मजल्यावर चार घरं. एकूण 84 फ्लॅटपैकी 79 राहते आणि माणसं साधारण तीनशे. निम्म्याहून थोडी जास्त घरं मालकांची, बाकी भाड्याची. भाड्याच्या घरांत लहान कुटुंबं आहेत, तशीच तिघाचौघांनी मिळून घेतलेली नोकरदार मुलांची घरंही आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रसंग आणि त्यांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. प्रकरण घडलं तेव्हा 2016 चे घनकचरा व्यवस्थापन नियम लागू होते.

त्या नियमांनुसार प्रत्येक घराने कचरा तीन भागांत वेगळा करायचा होता: ओला, सुका आणि घरगुती घातक. डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे होते. सोसायटीत हे बहुतेकांना माहीत होतं. प्रत्येक लिफ्टशेजारी हिरव्या आणि निळ्या डब्यांची चित्रं असलेला फलक होता आणि दोन वर्षांपूर्वी घरटी दोन बादल्याही वाटल्या होत्या.

कचरा गोळा करायची पद्धत अशी होती. हाउसकीपिंगची दोन मुलं पावणेसात वाजता ट्रॉलीवर ड्रम ठेवून निघायची आणि प्रत्येक दाराबाहेर ठेवलेला कचरा उचलत खाली यायची. साडेसातला गेटवर घंटागाडी लागायची आणि पाच-सात मिनिटांत पुढे जायची. सुका कचरा बुधवारी आणि शनिवारी कचरावेचक बायका वेगळा घेऊन जातील असं ठरलेलं होतं.

अडचण कशी वर आली

एका सोमवारी घंटागाडीवाल्याने ड्रमचं झाकण उघडून पाहिलं आणि कचरा घ्यायला नकार दिला. ड्रममध्ये भाजीची देठं, दुधाच्या पिशव्या, डायपर, पार्सलचे डबे असं सगळं एकत्र होतं. मंगळवारीही तेच झालं. बुधवारी आरोग्य निरीक्षक येऊन लेखी नोटीस देऊन गेले. तोवर पार्किंगच्या कोपऱ्यात सहा ड्रम तुंबले होते आणि खालून काळपट पाणी वाहायला लागलं होतं.

कमिटीची पहिली प्रतिक्रिया ठरलेलीच होती. ग्रुपवर मोठा मेसेज गेला, त्यात 'शेवटची सूचना' हे शब्द ठळक होते, आणि कचरा वेगळा न देणाऱ्या घराला दोनशे रुपये दंड जाहीर झाला. दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त सभासदांनी शांतपणे विचारलं, "हा ठराव कुठल्या सभेत झाला?" त्यांचा मुद्दा बिनतोड होता. उपविधींचा भंग केला म्हणून सभासदाला दंड लावायचा, तर त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. आधी त्या सभासदाला नोटीस देऊन त्याचं म्हणणंही ऐकावं लागतं. ग्रुपवर जाहीर केलेला दंड वसूल करता येत नाही. दंड मागे घ्यावा लागला आणि त्यात कमिटीची थोडी पतही गेली.

मी सोसायट्यांच्या कचऱ्याच्या व्यवस्थेचं काम पाहते. सचिवबाईंनी मला बोलावलं ते या टप्प्यावर. त्यांना लोकांसाठी एक व्याख्यान हवं होतं. मी म्हटलं, व्याख्यान नंतर बघू, आधी सकाळी ट्रॉलीबरोबर फिरू.

अडचण नेमकी कुठे होती

बी विंगच्या चौथ्या मजल्यावर एका दाराबाहेर हिरवी बादली होती. आत वर्तमानपत्राचा कागद घातलेला, त्यावर पालेभाजीची देठं, चहाचा गाळ आणि केळ्याची सालं. शेजारी कापडी पिशवीत धुवून वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, एकात एक घातलेल्या. दार उघडंच होतं आणि काकू आत उभ्या होत्या. मुलाने बादली ड्रममध्ये उपडी केली, पाठोपाठ पिशवीही त्याच ड्रममध्ये रिकामी केली आणि पुढच्या दाराकडे गेला. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा. रोज असंच चालतं. मी आपली सवय म्हणून करते, नाहीतर केव्हाच सोडलं असतं."

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. दोघांकडे पाऊण तास आणि 79 घरं. एका घराला जेमतेम एक मिनिट, आणि लिफ्टची वाट पाहणंही त्यातच. ट्रॉलीवर एकच ड्रम बसायचा. दोन ड्रम घेऊन निघायचं तर प्रत्येक विंगमध्ये दोन फेऱ्या कराव्या लागल्या असत्या आणि तोवर गाडी निघून गेली असती. घरात वेगळा केलेला कचरा दारातच एकत्र होत होता, लोक ते रोज डोळ्यांनी पाहत होते, आणि वेगळा करणारी घरं त्यामुळे महिन्यागणिक कमी होत गेली होती.

हा अर्धा उलगडा झाला. दुसरा अर्धा घरोघरी विचारपूस केल्यावर हाती आला. अशा वेळी 'तुम्ही ओला-सुका वेगळा करता का?' असं विचारून उपयोग नसतो, सगळे हो म्हणतात. आम्ही दोनच गोष्टी विचारल्या: तुमच्या घरातली बादली बाहेर कोण ठेवतं आणि किती वाजता?

उत्तरांनी कमिटीला चकित केलं. 31 घरांत घरातलंच कुणीतरी सकाळी साडेसातच्या आत कचरा बाहेर ठेवत होतं. 14 घरं रात्रीच पिशवी दाराबाहेर ठेवून झोपत होती, आणि त्याच पिशव्या मांजरं फाडायची. राहिलेल्या 34 घरांत कचरा काढण्याचं काम घरकामाच्या मावशींकडे होतं. त्या येणार नऊ ते अकराच्या दरम्यान. म्हणजे गाडी गेल्यानंतर दीड ते साडेतीन तासांनी. काम आटोपून जाताना त्या केराची बांधलेली काळी पिशवी जिन्यात किंवा ड्रमशेजारी ठेवून जायच्या आणि ती दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच पडायची. त्या काळ्या पिशवीत काय आहे हे कुणालाच दिसत नव्हतं, आणि गाडीवाल्याने जे ड्रम नाकारले ते मुख्यतः याच पिशव्यांनी भरलेले होते.

आतापर्यंतचे सगळे फलक, मेसेज आणि बैठका फ्लॅटच्या मालकांसाठी होत्या. सगळ्यात मोठ्या गटात बादली ज्यांच्या हातात असते त्या मावशींना कुणी कधी एक शब्दही सांगितला नव्हता. बहुतेकींचे फोन सोसायटीच्या ग्रुपवर नव्हते आणि लिफ्टशेजारचा फलक लिफ्ट वापरणाऱ्यांसाठी होता. मावशींनी पुढच्या लिफ्टने जायचं नाही असा तिथला अलिखित नियम आहे. तो असावा का, हा वेगळा विषय आहे. मला तो खटकला आणि मी तसं सांगितलं.

समोर असलेले पर्याय

कमिटीच्या बैठकीत चार पर्याय मांडले गेले.

पहिला, वेळ आहे तीच ठेवायची आणि सगळ्यांनी साडेसातच्या आत कचरा बाहेर ठेवावा म्हणून कडक व्हायचं. कागदावर हे सर्वात सोपं होतं. पण ज्या घरात दोघंही सात वाजता डबे भरण्याच्या घाईत आहेत, तिथे रात्रीची खरकटी भांडी आणि सिंकमधला गाळ मावशी आल्यावरच निघणार. त्या घरांनी वेळ पाळली असती तरी आदल्या दिवशीचा कचरा दुसऱ्या दिवशी सकाळी दिला असता. एक दिवस शिळा का होईना, वेगळा कचरा मिळाला असता. काही सभासदांना हे पुरेसं वाटत होतं.

दुसरा पर्याय दारोदारची फेरी बंद करून सर्वांनी कचरा खाली आणून टाकण्याचा. वेगळा करण्याच्या दृष्टीने हा उत्तम असतो, कारण टाकणारा आणि डबा समोरासमोर येतात आणि चूक तिथल्या तिथे दिसते. पण सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांची बरीच घरं आहेत आणि एका विंगची लिफ्ट वारंवार बंद पडते. त्यावर फार चर्चा झालीच नाही.

तिसरा पर्याय आवारातच ओल्या कचऱ्याचं खत करण्याचा. बिल्डरने मागच्या बाजूला गांडूळखताचे चार खड्डे बांधून दिले होते आणि त्यांत आता जुन्या फरश्या ठेवल्या होत्या. इथे नियमाचा प्रश्न आला. 2016 च्या नियमांत दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा निर्माण करणाऱ्यांना मोठे निर्माते धरलं होतं, आणि 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्य तितकी प्रक्रिया जागेवरच करणं अपेक्षित होतं. सोसायटीचा भूखंड त्याहून लहान. वजनाचा अंदाज कुणालाच नव्हता, म्हणून आठवडाभर ड्रम काट्यावर ठेवले. रोज 80 ते 90 किलो भरलं, त्यात ओला निम्म्याहून थोडा अधिक. सक्ती नव्हती. शिवाय कचरा वेगळा होत नसताना खड्डे सुरू करणं म्हणजे त्यात दुधाच्या पिशव्या पुरणं. हा पर्याय 'वेगळा कचरा सलग तीन महिने नीट आला तर' या अटीवर पुढे ढकलला.

चौथा पर्याय गाडीची वेळ बदलून मिळते का ते पाहण्याचा. "महापालिका आपल्यासाठी वेळ बदलणार?" असं म्हणून बैठकीत लोक हसले. खरं म्हणजे गाडीचा मार्ग ठरलेला असतो, पण त्या मार्गावर कुठली सोसायटी आधी आणि कुठली नंतर हे बऱ्याचदा मुकादमाच्या पातळीवर ठरतं. सचिवबाई अर्ज घेऊन कार्यालयात जाणार होत्या. मी त्यांना सकाळी सहाला हजेरीच्या चौकीवर जाऊन मुकादमांना भेटायला सांगितलं.

मुकादम म्हणाले, "मॅडम, तुमची सोसायटी आमची पहिली आहे. शेवटी घेतो, साडेदहाला येऊ. पण गाडी भरलेली असली तर मला बोलायचं नाही."

इथे खरा निर्णय घ्यायचा होता. पहिला थांबा असला की गाडी रिकामी येते आणि जागा नाही म्हणून कधीच नाकारत नाही, पण ती मावशींच्या आधी येते. शेवटचा थांबा असला की वेळ सोयीची, पण सोमवारी आणि सणानंतर गाडी काठोकाठ भरून येणार. एक सभासद म्हणाले, हातची सोडून पळत्याच्या मागे का लागायचं? ते चुकीचं बोलत नव्हते. पण 79 पैकी 34 घरांचा कचरा साडेसातला निघूच शकत नव्हता आणि रात्री बाहेर ठेवणाऱ्या 14 घरांचीही अडचण वेळेचीच होती. कमिटीने साडेदहा स्वीकारलं.

काय केलं

नवी वेळापत्रक-पट्टी एका ओळीत मावेल इतकी सोपी ठेवली. दारातून साडेसात ते नऊ, खालच्या डब्यांत नऊ ते सव्वादहा, गाडी साडेदहाला. दारातून फक्त ओला आणि गुंडाळलेला सॅनिटरी कचरा उचलायचा. सुका कचरा बुधवारी आणि शनिवारीच, खाली आणून द्यायचा. ज्येष्ठांच्या घरून मुलं वर जाऊन घेतील. रात्री दाराबाहेर काहीही ठेवायचं नाही.

सुका कचरा रोज न उचलण्याचा मुद्दा सर्वात जास्त गाजला. "घरात कचरा साठवायचा?" असा सूर होता. पण सुका कचरा खरोखर सुका असेल तर त्याला वास येत नाही. वास येतो तो न धुतलेल्या डब्यांना आणि पिशव्यांना. बाल्कनीत एक मोठी गोणी टांगली की चार जणांच्या घराचा तीन-चार दिवसांचा सुका कचरा तीत सहज मावतो. रोज उचलायचा नाही म्हटल्यावर ट्रॉलीवर जागा झाली आणि दारातली घाईही कमी झाली. माझ्या मते या एका निर्णयाने जितका फरक पडला तितका बाकी कशानेच पडला नाही.

ट्रॉली बदलली. एका मोठ्या ड्रमऐवजी ओल्यासाठी झाकणाची दोन हिरवी पिंपं आणि सॅनिटरीसाठी एक लाल बादली. मुलांना एकच सूचना होती: बांधलेली पिशवी घ्यायची नाही, दारातच ठेवून पुढे जायचं. ओला कचरा बादलीतून सुटा द्यायचा, हा सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. बादलीत खाली कागद घातला की ती फारशी चिकट होत नाही, आणि उपडी करताना आत प्लास्टिक असेल तर लगेच दिसतं. मुलांचा वाढलेला एक तास धरून ठेकेदाराने महिन्याला तीन हजार जास्त मागितले. घरामागे चाळीस रुपयांच्या आत. सभेत त्यावर कुणी बोललंही नाही.

मग मावशींची बैठक घेतली. ती खाली, डब्यांजवळ, साडेअकराला, त्यांच्या कामाच्या मधल्या वेळेत. वीसेक जणी आल्या. खऱ्या कचऱ्याची एक परात भरून ठेवली होती आणि एकेक वस्तू उचलून कुठे टाकायची ते विचारलं. चहाचा गाळ, अंड्याची टरफलं, हाडं ओल्यात, यावर वाद नव्हता. अडलं ते केराशी. झाडून निघालेली धूळ आणि केस ओल्यात टाकले तर खत बिघडतं, सुक्यात टाकले तर कागद आणि प्लास्टिक खराब होतं. तो केर कागदात गुंडाळून लाल बादलीत द्यायचा असं ठरलं. शहाळं ओलं असलं तरी पिंपात टाकायचं नाही, कारण दोन शहाळ्यांनी पिंप भरतं आणि ते कुजायला महिनोन्‌महिने लागतात. त्यासाठी बाजूला वेगळी टोपली ठेवली. निर्माल्यातला दोरा आणि प्लास्टिकची पिशवी काढून फुलं ओल्यात. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडायचा नाही, नुसती चीर द्यायची, म्हणजे तो बारीक तुकडा ओल्या कचऱ्यात जात नाही. हे शेवटचं एका मावशींनीच सांगितलं. त्यांच्या बहिणीचं काम कचरा निवडण्याचं होतं.

सॅनिटरी कचऱ्याबाबत सोसायटीने 2016 च्या नियमाच्या एक पाऊल पुढे जायचं ठरवलं. सुक्यात टाकायची मुभा असली तरी सुका कचरा पुढे कुणीतरी हाताने निवडतं. म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल गोल काढायचा आणि लाल बादलीत द्यायचा. घातक कचऱ्यासाठी, म्हणजे बल्ब, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं यांच्यासाठी, सोसायटीच्या ऑफिसात एक खोकं ठेवलं आणि ते भरलं की महापालिकेच्या केंद्रावर पोचवायचं असं ठरलं. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून, झाकण घट्ट लावून याच खोक्यात. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर 'काच' असं लिहून.

खालच्या डब्यांजवळ पहिला महिना रोज एक सभासद आळीपाळीने उभा राहिला. नावं जाहीर करायची नाहीत आणि फोटो काढायचे नाहीत, एवढं पथ्य पाळलं. कुणाच्या बादलीत प्लास्टिक दिसलं तर 'तेवढं काढून द्या' एवढंच म्हणायचं.

काय निष्पन्न झालं

पहिले दहा दिवस गोंधळाचे होते. दारात नाकारलेल्या पिशव्यांवरून तीन घरांनी तक्रार केली, एका घराने मुलाला दम दिला. अध्यक्ष स्वतः वर जाऊन "तो माझ्या सांगण्यावरून करतोय" म्हणाले. ते म्हणणं आवश्यक होतं. नाहीतर मुलाने दुसऱ्या दिवशी पिशवी गुपचूप उचलली असती.

मुकादमांनी आधीच सांगितलं होतं तसं दोन सोमवारी गाडी भरून आली. त्यातून एक साधी शिस्त लागली: गाडी आली की आधी ओली पिंपं रिकामी करायची, मग लाल बादली. जागा उरली नाही तर शहाळ्यांची टोपली थांबू शकते. ओली पिंपं राहिलीच तर त्यांच्यावर वाळलेल्या पाल्याचा जाड थर घालून सावलीत ठेवायची. पाला पाणी शोषतो, वास आणि चिलटं बरीच कमी होतात. आवारातली झाडांची पानं जाळायची किंवा गोणीत भरून द्यायची पद्धतही त्यामुळे बंद झाली.

दोन महिन्यांनी परिस्थिती अशी होती. ओल्या पिंपातून रोज हाताने काढावं लागणारं प्लास्टिक एका छोट्या पिशवीत मावत होतं. 79 पैकी साठेक घरं नेमाने वेगळा कचरा देत होती, दहाबारा घरं अधूनमधून चुकत होती. सात घरं चिकाटीने बांधलेली पिशवीच ठेवत होती. ती सगळी एकाच विंगमधली भाड्याची घरं निघाली. चौकशी केली तर घर देताना एजंटने त्यांना 'कचरा बाहेर ठेवला की उचलतात' एवढंच सांगितलेलं. भाडेकरूच्या प्रवेशपत्रासोबत आता वेळापत्रक आणि एक हिरवी बादली देतात. त्यानंतर सातातली पाच घरं सुधारली.

कचरावेचक बायकांना बुधवारी-शनिवारी मिळणारा सुका माल पूर्वीच्या कित्येक पट वाढला, कारण तो आता ओला होत नव्हता. ओला झालेला पुठ्ठा विकला जात नाही, खरकटं लागलेलं प्लास्टिक धुवायला त्यांच्याकडे पाणी नसतं. सुका कचरा कोरडा ठेवला तर त्यांची मजुरी निघते, आणि मग त्या न चुकता येतात.

सहाव्या महिन्यात घडी विस्कटली. हाउसकीपिंगचा ठेकेदार बदलला. नवी मुलं आली, त्यांना कुणी काही सांगितलं नाही आणि चौथ्या दिवशी ट्रॉलीवर पुन्हा एकच मोठा ड्रम दिसला. बी विंगच्या काकूंनी ग्रुपवर फोटो टाकला म्हणून वेळेत कळलं. ड्रम त्याच दिवशी काढून घेतला, तरी बांधलेल्या पिशव्या पुन्हा बंद व्हायला तीन आठवडे लागले.

वेगळं काय करता आलं असतं

ठेकेदाराच्या करारात कचऱ्याबद्दल 'कचरा गोळा करणे' एवढे तीनच शब्द होते. त्या जागी ट्रॉलीवर कोणती पिंपं असतील, बांधलेली पिशवी घ्यायची नाही आणि नव्या माणसाला पहिले तीन दिवस जुन्याबरोबर फिरवायचं, हे सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. ते आता लिहिलं आहे.

नोटीस आल्यावर दंडाऐवजी एक सकाळ ट्रॉलीमागे चालण्यात घालवली असती, तर महिनाभर वाचला असता. हे मी जवळजवळ प्रत्येक सोसायटीत पाहते. घरात वेगळं झालेलं दारात किंवा गेटवर एकत्र होत असेल, तर आधी ते थांबवावं लागतं. त्याच्या आधी रहिवाशांना काहीही सांगितलं तरी ते एका कानाने ऐकतात. दंडाची तरतूद नंतर सर्वसाधारण सभेत रीतसर मंजूर झाली, पण राहिलेल्या दोन घरांपैकी एकालाच नोटीस द्यावी लागली आणि पैसे घेण्याची वेळ आलीच नाही.

साडेदहाचा निर्णय योग्य होता की नाही यावर कमिटीत अजून दोन मतं आहेत. गाडी भरून येण्याचा धोका कायमचा आहे. नऊच्या सुमाराचा मधला थांबा मागून पाहायला हवा होता, असं खजिनदारांचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही, कारण अर्ध्याहून अधिक मावशी साडेनऊनंतर येतात. पण जिथे घरातलीच माणसं कचरा बाहेर ठेवतात अशा सोसायटीत पहिलाच थांबा चांगला. म्हणून आधी 'कोण आणि किती वाजता' हे विचारावं आणि मग वेळ मागावी.

एक हिशेब मात्र नव्याने मांडावा लागला आहे. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या नव्या घनकचरा नियमांत कचऱ्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सोसायटीची लाल बादली आणि ऑफिसातलं खोकं त्यात आपोआप बसतात. पण मोठ्या निर्मात्याची व्याख्याही बदलली. 100 किलोच्या निकषाशिवाय आता 20,000 चौरस मीटर बांधकाम किंवा दिवसाला 40,000 लिटर पाण्याचा वापर, यातलं एक जरी लागू झालं तरी ते संकुल मोठा निर्माता ठरतं. माणशी 135 लिटरचा नेहमीचा हिशेब धरला तर तीनशे माणसांनाच 40,500 लिटर होतात. वजनाने सुटलेली सोसायटी पाण्याने सापडते आहे. ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याची जबाबदारी त्यातून येते. मीटरच्या नोंदी काढण्याचं काम खजिनदारांकडे आहे, आणि मागच्या चार खड्ड्यांपैकी दोनांतल्या फरश्या उचलल्या गेल्या आहेत.